हातात किती?

तुझ्या मेलबर्नला आता रात्र झाली असेल, सकाळी उठून वाच. नोकरी मिळाली गं! ठाण्यात, वागळे इस्टेटला, अकाउंट्समध्येच. ऑफर लेटरवर वर्षाचे 7,80,000 बघून आईने लगेच देवापुढे साखर ठेवली आणि मी कागद-पेन घेऊन बसले. हसू नकोस, कॉलेजात कटिंगचा हिशेब वहीत लिहिणारी तीच मी.

तुला सांगते, सीटीसी म्हणजे सालीसकट तोललेला फणस. त्यातले 78,000 व्हेरिएबल, म्हणजे वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 18,760, तेही त्यातच धरलेले. उरलं त्याला बाराने भागलं, माझ्या पीएफचे 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 वजा केले, की महिना हातात 53,100. इथे डोंबिवलीत, घरापासून दहा मिनिटांवर, 50,000 मिळतातच. तीन हजारांसाठी रोज लोकलला लोंबकळू?

उत्तराचा पहिला खर्डा दोन पानी झाला. गर्दी, रिक्षाची रांग, आईचे गुडघे, सगळं आलं त्यात. दादाने वाचून विचारलं, "पगार मागतेयस की रेल्वेची तक्रार करतेयस?" मेला बोलला ते खरंच होतं. माझी दगदग माझ्यापाशी, कंपनी पैसे मोजणार ते कामाचे.

मग आठ ओळींचा मेल लिहिला. आधी आभार, आणि मला हे काम करायचंय हे स्पष्ट. मग, "8,40,000 वर विचार व्हावा. सध्या तीन युनिट्सचे जीएसटी रिटर्न मी एकटी भरते, म्हणजे पहिल्या महिन्यापासून काम हाती घेऊ शकेन. शिवाय माझा आत्ताचा पगार पूर्ण फिक्स्ड आहे." शेवटी पडतं घेण्याची जागा ठेवली: "या पदाची मर्यादा ठरलेली असल्यास एकूण आकडा तोच राहू द्या, पण व्हेरिएबलचा निम्मा भाग फिक्स्डमध्ये घ्यावा आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार व्हावा." कमीत कमी किती चालेल ते मात्र लिहिलं नाही. आकडा सांगितला असता तर तोच मिळाला असता!

दोन दिवस फोन उशाशी. आई म्हणे, "मिळतंय ते घालवशील." तिसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंचा फोन: 8,40,000 जमणार नाही, दुसरं जमेल. म्हणजे 39,000 फिक्स्डमध्ये आले, महिन्याला 3,250 वाढले, हातात साधारण 56,400. फेरविचाराचं त्या तोंडीच सांगत होत्या. मी गोड आवाजात म्हटलं, "तेवढं पत्रातही घालाल ना?" तू असतीस तर पलीकडून चिमटाच काढला असतास. काल सुधारलेलं पत्र आलं, त्यात ती ओळ आहे. त्यानंतरच इथे राजीनामा दिला. दोन महिन्यांची नोटीस आहे, तोवर इथेच.

आता तू सांग, ठाण्याला उतरायचं तर डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये कुठल्या बाजूला उभं राहायचं? सात वर्षं उतरलीस तू, लक्षात असेल.