पिवळी कॅसेट

डोंगरकडा तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधीच्या उन्हाळ्यांत आम्हा चुलत-आते भावंडांच्या दुपारी आजोबांच्या घरी टीव्हीपुढे जायच्या. काकांनी नांदेडहून व्हिडिओ गेम आणला होता आणि सोबत एक पिवळी कॅसेट. लेबलवर ‘64 इन 1’. त्यात मारिओच पुन्हा पुन्हा, फक्त पुढच्या टप्प्यापासून सुरू होणारा. लेबलवर रंगवलेल्या गाड्या आणि विमानं तर आत नव्हतीच.

यंदा ती कॅसेट माळ्यावरच्या पेटीत सापडली. आतेभाऊ जपानात नोकरीला असतो. त्याच्याकडे निन्टेन्डोची 1985 ची अस्सल ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आहे, तीही पिवळी. त्याने तिचे फोटो पाठवले आणि आम्ही दोन्ही कॅसेटचे फोटो शेजारी ठेवले.

अस्सल लेबलवरची बारीक अक्षरं मोठी करून पाहिली तरी काठ स्वच्छ राहतात. आमच्या लेबलवर लाल रंग काळ्या रेषेबाहेर सरकलेला. अस्सल कवचाचे दोन भाग खिट्टीने घट्ट बसतात, स्क्रू नाही. आमच्या कवचाच्या जोडात नख जातं. आत तर फरक फारच मोठा. अस्सल पाटीवर पाय असलेल्या दोन काळ्या चिप: एकीत खेळाचे हुकूम, 32 किलोबाइट; दुसरीत चित्रं, 8 किलोबाइट. आमच्या पाटीवर चिपच दिसत नाही, नुसते काळ्या राळेचे गोळे. उघडी चिप पाटीला तारांनी जोडून वर राळ ओतलेली. ती बिघडली की बदलता येत नाही. अर्थात केवळ गोळ्यावरून कॅसेट नकली ठरवू नये. लेबल, जोड आणि पाटी तिन्ही एकत्र पाहावं.

या फोटोंनी एक जुनं कोडंही सुटलं. कधी गाणं व्यवस्थित वाजायचं आणि पडद्यावर मात्र नुसत्या चौकटींचा कचरा. मग ताई कॅसेटचं एक टोक दाबायची, चित्र यायचं. कॅसेटच्या तोंडाशी 60 पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना 30-30. ढोबळमानाने एका टोकाकडच्या पट्ट्या हुकूम नेतात, दुसऱ्या टोकाकडच्या चित्रं. कॅसेट तिरकी बसली की चित्रांचंच टोक उचललं जायचं. ताईचा उपाय अगदी बरोबर होता. आम्हा बाकीच्यांची फुंकर मात्र पट्ट्यांवर ओल सोडायची. कॅसेट काढून परत घातल्याने पट्ट्या घासल्या जायच्या, गुण त्याचा होता.

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर भंगारात देण्याआधी लेबलचा, जोडाचा आणि जमल्यास आतल्या पाटीचा सरळ उजेडात फोटो काढा. लेबल सोलू नका, आणि पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा.