पत्रास कारण की

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी निलंग्याहून मेसेज आला. माझा शाळेपासूनचा मित्र आणि आता धंद्यातला भागीदार तिथं सोयाबीन खरेदी केंद्रावर उभा होता. केंद्र पुण्यातल्या एका कंपनीचं, वजनपावतीचं ॲप आमचं. तो कीबोर्डवरचा माइक दाबून बोलतो, त्यामुळे त्याच्या मेसेजला स्वल्पविराम नसतो, श्वासही नसतो. हा मेसेज जवळपास असा होता:

"आरं ऐक ना सकाळधरनं इथंच हाय मी अजून जेवलो बी नाही ते काट्यावरचं पोरगं लई गोंधळ करलालंय म्हणजे पावती दोनदा होलालीय एकाच शेतकऱ्याची मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं पण ते पोरगं दोनदा दाबतंय बहुतेक कालपासून होलालंय म्हणं सात-आठ असतील जास्त बी असतील नेटवर्क तर तुला माहितीय इथलं हमाल लोक वैतागलेत ट्रॅक्टरची लाइन रोडपर्यंत गेलीय मी त्याला म्हणलं नीट कर बाबा तर ते रडकुंडीला आलं आणि हां संध्याकाळी सहाला पैसे सोडणारेत म्हणं पुण्याहून तर तू मॅडमला काहीतरी लिही ना चांगल्या भाषेत"

'चांगल्या भाषेत' म्हणजे त्याच्या मते थोडं इंग्रजी, थोडं 'कृपया', थोडं 'दिलगीर आहोत'. पूर्वी मीही तेच करायचो. मेसेज वरून खालपर्यंत त्याच क्रमानं शुद्ध करायचा आणि पाठवायचा. क्रम तसाच राहिला की भाषा कितीही चांगली असली तरी काही उपयोग नसतो. बोलणारा माणूस त्याला जसं दिसलं तसं सांगतो: सकाळ, भूक, पोरगं, नेटवर्क, हमाल. वाचणाऱ्या मॅडमना पुढच्या पावणेदोन तासांत काय करायचंय ते हवं असतं, आणि ते इथं शेवटच्या ओळीत 'आणि हां'च्या मागं लपलं होतं. सहाला पैसे सुटणार होते. बाकी काहीही उद्या कळलं असतं तरी चाललं असतं.

बोलक्या मेसेजमध्ये मी आता आधी 'आणि हां', 'तसं', 'बाय द वे' असले शब्द शोधतो. महत्त्वाचं बहुतेकदा त्यांच्या पाठीमागं असतं.

मग मी मेसेजचे तुकडे तीन रंगांत वेगळे केले. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं: पावत्या दोनदा होतायत, रांग लागलीय. त्यानं ऐकलेलं: कालपासून होतंय, सहाला पैसे सुटणार. त्याचा अंदाज: सात-आठ असतील, पोरगं दोनदा दाबतंय. ग्राहकाला लिहिताना खरा धोका या तिसऱ्या रंगाचा असतो. बोलण्यातलं 'बहुतेक' शुद्ध वाक्यात गळून पडतं आणि अंदाज वस्तुस्थिती होऊन बसतो. "ऑपरेटरच्या चुकीमुळे ७-८ पावत्या दुबार झाल्या" हे वाक्य किती व्यावसायिक वाटतं बघा! मी ते टाइप केलंही होतं. पण ते पुण्याला पोचलं असतं तर दुसऱ्या दिवशी काट्यावर दुसरा पोरगा दिसला असता.

आकडा तपासणं सोपं होतं. दोन दिवसांत एकाच शेतकऱ्याच्या नावावर एकच निव्वळ वजन एकाहून जास्त वेळा कुठं आलंय, ते डेटाबेसला विचारलं:

```sql
SELECT farmer_id, net_kg, COUNT(*)
FROM receipts
WHERE receipt_date >= '2024-10-21'
GROUP BY farmer_id, net_kg
HAVING COUNT(*) > 1;
```

अकरा जोड्या निघाल्या. दहांमध्ये दोन पावत्यांत मिनिटभराचंही अंतर नव्हतं. अकराव्या जोडीत अडीच तासांचं होतं. त्या शेतकऱ्यानं खरोखरच दोन खेपा आणल्या होत्या आणि वजन योगायोगानं सारखं भरलं होतं. वेळ न बघता यादी पाठवली असती तर त्याचे हक्काचे पैसे आम्हीच अडकवले असते.

मग मित्राला फोन. एकच प्रश्न विचारला: पोरगा दुसऱ्यांदा दाबतो तेव्हा स्क्रीनवर काय लिहिलेलं असतं?

तो बघून आला. "लेका, आपलंच ॲप म्हणलालंय की 'पुन्हा प्रयत्न करा'."

म्हणजे असं होत होतं. पावती सर्व्हरवर पोचायची, साठवलीही जायची, पण 'मिळाली' हा निरोप कमकुवत नेटवर्कमुळे वेळेत फोनवर परत यायचा नाही. ॲप दहा सेकंद वाट बघून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. पोरगा सांगितलेलं ऐकायचा. सर्व्हरला ही तीच पावती आहे की नवी, हे ओळखायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. पावतीचा क्रमांक फोनमध्येच तयार करून सोबत पाठवला असता, तर दुसऱ्यांदा आलेला तोच क्रमांक सर्व्हरनं नाकारला असता. ही गोष्ट कॉलेजात नाही, पण नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो. इथं घाईत राहून गेली.

चार अठ्ठावन्नला मी हे पाठवलं:

"मॅडम, नमस्कार. आज सहाच्या पेमेंटमधून सोबतच्या यादीतल्या ८ पावत्या कृपया बाजूला ठेवाव्यात. त्या दुबार आहेत, एकूण ६७.५० क्विंटल. त्याच शेतकऱ्यांच्या मूळ पावत्या बरोबर आहेत, त्यांचे पैसे सोडायला हरकत नाही.

कालच्या २ दुबार पावत्यांचे पैसे गेलेले आहेत: १९ क्विंटल, ₹८१,७००. त्यांची वसुली कशी करायची हे आपण ठरवावे.

कारण: नेटवर्क कमकुवत असताना आमचे ॲप साठवलेली पावती पुन्हा पाठवायला सांगते. ही आमच्या ॲपमधली त्रुटी आहे. ऑपरेटरने स्क्रीनवरच्या सूचनेप्रमाणेच काम केले. दुरुस्ती आज रात्री करतो. तोपर्यंत पुन्हा पाठवण्याआधी आजची यादी बघायला केंद्रावर सांगितले आहे.

यादी मिळाल्याचे सहाच्या आत कळवावे."

यात 'दिलगीर आहोत' नाही. घालावं असं वाटलं होतं, पण 'आमच्या ॲपमधली त्रुटी' लिहिल्यावर ते वेगळं लागेना. "पावती दोनदा साठवली गेली" असं कर्ता गायब करणारं वाक्यही लिहिता आलं असतं. मराठीत ते फार सहज होतं, आणि वाचणारा मग त्या रिकाम्या जागी जवळचा माणूस बसवतो. इथं जवळचा माणूस तो पोरगा होता.

पाठवताना आजोबांची पोस्टकार्डं आठवली. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि लगेच 'पत्रास कारण की'. त्याआधीच्या मोडीतल्या पत्रांतही कुशल विचारून झालं की 'विशेष' येतं आणि मुद्दा सुरू होतो. आपल्याकडं मुद्द्याला दार होतं. माइकनं ते काढून टाकलं.

मॅडमचं उत्तर पाच एकतीसला आलं: "मिळाली. ८ थांबवल्या. २ चं उद्या बोलू."

मित्राला मी माझा मेसेज पुढं पाठवला. त्याचं म्हणणं, "हे चांगलंय, पण मी जेवलो नव्हतो ते कुठं गेलं?" ते खरंच होतं. रात्री दुरुस्ती झाल्यावर तो त्या पोराला घेऊन निलंगा राईस खायला गेला आणि बिल मला पाठवलं, एका ओळीत, रक्कम आधी.

दोन शेतकऱ्यांपैकी एकानं तिसऱ्या दिवशी पैसे परत केले. दुसऱ्यानं ते कर्जखात्यात भरून टाकले होते. त्याच्या पुढच्या खेपेतून वळते करायचं ठरलं, पण त्यानं या हंगामात पुन्हा माल आणलाच नाही.