‘पानी’ म्हणणाऱ्या बाई

गेल्या वर्षी एका मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीने माझ्याकडे लेखी मत मागितलं. चौथीच्या वर्गाला अमरावती जिल्ह्यातून आलेल्या एक बाई शिकवत होत्या. त्यांचा अनुभव, पदविका, पात्रता परीक्षेतले गुण यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती ‘पानी’ची. बाई ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ‘डोळे’ म्हणताना ‘डोये’च्या जवळ जातात, आणि मुलं उद्या तसंच लिहितील, असं काही पालकांचं म्हणणं होतं. समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, “मॅडम, शिकवतात छान हो, पण कानाला खटकतं ना!” ध्वनिविज्ञान हा माझा विषय असल्याने कानाला काय खटकतं आणि वहीत काय उतरतं, या दोन गोष्टी वेगळ्या काढणं मला भाग होतं.

आधी एक फरक सांगते. बाई वर्गात ‘मले’, ‘तुले’ म्हणत नव्हत्या. ते वऱ्हाडीचं व्याकरण झालं. बाईंची वाक्यं पाठ्यपुस्तकी मराठीतली होती, फक्त ध्वनी त्यांच्या गावचे होते. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, तर ‘ण’साठी ते वळून टाळूकडे जातं. वऱ्हाडातल्या बऱ्याच जणांच्या बोलण्यात हे वळणं नाही आणि दोन्हींच्या जागी ‘न’ येतो. एवढाच सगळा ‘दोष’.

आता पुण्या-मुंबईच्या ‘शुद्ध’ बोलणाऱ्या शिक्षिका घ्या. त्या ‘भाषा’ आणि ‘आशा’ यांतला ऊष्म वर्ण अगदी सारखाच उच्चारतात. ‘ष’चा मूळ मूर्धन्य उच्चार मराठीत आता सहसा कुणाच्या तोंडात नाही, माझ्याही नाही. मग मुलं ‘भाषा’ बरोबर लिहायला शिकतात कशी? ‘पोटफोड्या ष’ म्हणून! पिढ्यान्‌पिढ्या मराठी शिक्षकांनी कानाने न कळणारा हा फरक अक्षराला टोपणनाव देऊन शिकवला आहे. ह्रस्व-दीर्घाचंही तेच. ‘मूल’मधला ‘मू’ दीर्घ आणि ‘मुलाला’मधला ‘मु’ ह्रस्व, हे कुणी ऐकून लिहीत नाही. अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ आणि सामान्यरूपात तो ह्रस्व, असा नियम आहे. ‘गुण’सारखे तत्सम शब्द त्याला अपवाद, आणि ते अपवादही पाठच करावे लागतात. म्हणजे प्रमाण उच्चाराच्या शिक्षिकाही लेखनाचा बराच भाग उच्चाराच्या मदतीशिवायच शिकवतात. त्याबद्दल त्यांची नोकरी धोक्यात आल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण समितीपुढे नुसता युक्तिवाद ठेवून भागत नाही. पालकांचं म्हणणं खरं असेल तर ते कुठे दिसायला हवं? बाईंच्या तुकडीत ‘ण’च्या चुका शेजारच्या तुकडीपेक्षा ठळकपणे जास्त दिसायला हव्यात. म्हणून दोन्ही तुकड्यांना एकच श्रुतलेखन द्यायचं ठरवलं. ‘पाणी’, ‘किरण’, ‘मन’, ‘विशेष’, ‘भाषा’, ‘पीठ’, ‘मुलाला’, ‘निपुण’ असे शब्द त्यात मिसळले. काही दिवसांनी वेगळे पण तशाच जातीचे शब्द घेऊन शिक्षिकांची अदलाबदल केली.

दोन्ही तुकड्यांत सर्वांत जास्त चुका निघाल्या ह्रस्व-दीर्घाच्या, त्यानंतर ‘ष’च्या. ‘पाणी’ आणि ‘किरण’ बाईंच्या मुलांनीही बरोबर लिहिले होते, कारण हे शब्द त्यांनी असंख्य वेळा वाचलेले होते. अदलाबदलीच्या दिवशी शेजारच्या तुकडीतली मुलं सुरुवातीला एकमेकांकडे पाहून हसली, पहिले दोन-तीन शब्द अडखळली आणि मग सरळ लिहू लागली. यात नवल नाही. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी 2004 साली प्रयोगाने दाखवलं, की परक्या धाटणीची इंग्रजी ऐकताना श्रोता आधी थोडा मंदावतो, पण सुमारे मिनिटभरात सरावतो. तिथे परक्या भाषेचा ठसा होता. इथे तर दोघींची भाषा एकच.

बाईंच्या तुकडीत फसला तो ‘निपुण’. मुलांना शब्दच माहीत नव्हता, मागेपुढे वाक्य नव्हतं, आणि बऱ्याच वह्यांत ‘निपुन’ उमटलं. हेही मी निवेदनात लिहिलं. अनोळखी, सुटा शब्द केवळ कानावर सोडला तर बाईंचा ‘न’ मुलांना चकवतो, ही खरी मर्यादा आहे. उपाय सोपा आहे आणि तो बाई वापरतही होत्या: नवा शब्द आधी फळ्यावर, मग वाक्यात, मग श्रुतलेखनात. वर ‘बाणातला ण, नळातला न’ आहेच. माझ्या चाचणीतच ती पायरी मुद्दाम वगळलेली होती. पहिलीत, अक्षरओळख होत असताना, ही काळजी अधिक घ्यावी लागेल. चौथीत तेवढी नाही.

दुसरी भीती बोलण्याची. मुलं बाईंसारखी बोलू लागतील? पॉल करस्विल आणि ॲन विल्यम्स यांनी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात चार, आठ आणि बारा वर्षांच्या मुलांचं बोलणं तपासलं होतं. चार वर्षांची मुलं बरीचशी घरच्यांसारखी बोलत होती, मोठी मुलं सोबत्यांसारखी. बोलण्याचं वळण मूल उचलतं ते ज्यांच्याबरोबर खेळतं त्यांच्याकडून. शिक्षकाच्या उच्चाराला एवढी ताकद असती तर मराठीच्या बोली शाळा सुरू झाल्याबरोबर संपल्या असत्या.

मग ‘कानाला खटकतं’ त्याचं काय? ते खोटं नाही, पण त्याचा उगम नेहमी कानात नसतो. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी 1992 साली एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. ती बाई अमेरिकेतच वाढलेली होती. काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचं छायाचित्र दाखवलं, काहींना आशियाई चेहऱ्याचं. आशियाई चेहरा पाहिलेल्यांना त्याच आवाजात परकी धाटणी ऐकू आली, आणि व्याख्यानही त्यांना कमी समजलं. आपल्याकडे चेहऱ्याची जागा आडनाव आणि गाव घेतात. बाई अमरावतीच्या आहेत हे कळल्यावर त्यांचा ‘न’ अधिक मोठ्याने ऐकू येऊ लागला असावा, असा माझा कयास आहे. (त्याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ रचलं गेलं, हे मी समितीला तोंडी सांगितलं. निवेदनात ते घातलं नाही, कारण ते नसतं तरी माझं म्हणणं तेवढंच खरं होतं.)

शिक्षकाचं बोलणं मुळीच तपासू नये, असं मी म्हणत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलणं, वाक्याची शेपटं गिळणं, पंख्याच्या आवाजात पुढच्या बाकांपुरतंच बोलणं यांनी समजण्यात खरोखर खंड पडतो आणि या सवयी सुधारता येतात. मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 साली इंग्रजीच्या परभाषक वक्त्यांबद्दल दाखवलेलं इथे कामी येतं: ठसा जाणवणं आणि बोलणं न समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, ठळक ठशाचं बोलणंही पूर्ण समजू शकतं. तपासणीही अवघड नाही. तास संपताना शेवटच्या बाकावरच्या मुलाला आज काय शिकलास ते त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं. बाईंच्या वर्गात मी ते केलं. मुलाने बाष्पीभवन नीट समजावून सांगितलं आणि ‘पाणी’तला ‘ण’ चांगला टाळूला लावला.

समितीने बाईंना कायम केलं. शाळेच्या मुलाखतीच्या तक्त्यात ‘शुद्ध उच्चार’ असा रकाना मात्र अजून आहे आणि त्याला गुणही आहेत. तो काढून ‘मुलांना समजेल असं बोलणं’ हा रकाना घालावा, असं पत्र मी समितीला दिलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.