पदकानंतरची वर्षे

निवृत्त मल्लाच्या मुलाखतीत आपण बहुधा गाजलेल्या कुस्त्यांतच रमतो. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु १९५५ पासून १९८३ पर्यंत त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली, त्या वर्षांविषयी किती जण विचारतात? जबलपूर-कटनी मार्गावरील पनागर येथे स्थायिक झालेल्या एका वृद्ध मराठी पहिलवानांची पॉडकास्टसाठी मुलाखत घ्यावयाची ठरली, तेव्हा मी कागदावर दोन रकाने आखले: आखाड्यातील वर्षे आणि नंतरची. दुसरा रकाना तिपटीने लांब निघाला. प्रश्नांची वाटणी त्याच हिशेबाने केली.

पहिल्या भेटीस ध्वनिमुद्रक नेलाच नाही. त्या भेटीत एक गोष्ट ध्यानी आली. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने मल्लाचे कान फुटतात, आत रक्त साकळून त्यांची घट्ट गाठ बनते. कधी कानाचे छिद्रही अरुंद होते. आबांना डाव्या बाजूने कमी ऐकू येई. ऐकू न आलेल्या प्रश्नाला माणूस संकोचाने नुसते ‘हो’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्यास ते उत्तर तुटक वाटते. म्हणून मी उजवीकडे बसलो. गुडघ्यांमुळे त्यांना मांडी घालता येत नव्हती. करकर न वाजणारी लाकडी खुर्ची शोधली. पंखा बंद केला, रस्त्याकडील खिडकीवर गोधडी टांगली, ध्वनिग्राहक मुखापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस ठेवला. एका बैठकीस चाळीस मिनिटे पुरे. त्यापुढे वृद्धाचा आवाज बसतो.

आता खरा प्रश्न. “कुस्ती सुटल्यावर कसे वाटले?” असे विचारावे, तर “बरे वाटले” एवढेच हाती लागते. भावना विचारू नये, दिवस विचारावा. आधी वीस मिनिटे खुराक, माती, वस्ताद यांविषयी मोकळेपणाने बोलू दिले. मग विचारले, “आबा, शेवटच्या कुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी जाग किती वाजता आली?”

ते थांबले. अशा वेळी मुलाखतकाराची जीभ फार वळवळते! मी मनात अंक मोजू लागलो. बारापर्यंत आलो तेव्हा ते बोलले, “चारलाच आली. लंगोट काढला, परत घडी करून ठेवला. सहा महिने तसंच. दूध-तूप मात्र सुटलं नाही, त्यानं अंग सुटलं.”

हा अनुभव अनेक मल्लांचा आहे: मेहनत एका दिवसात थांबते, भूक थांबत नाही. त्यानंतर वजन, गुडघे, उत्पन्न, घरच्यांची चिंता हे सारे प्रश्न आपोआप जोडले गेले. मला कागद पाहावा लागला नाही.

संपादनात मी खोकले आणि पुनरुक्ती काढल्या. त्या बारा सेकंदांतील पाच मात्र ठेवली. एका मित्राने विचारले, “येथे ध्वनिमुद्रण बिघडले आहे काय?” ती शांतता तरीही मी तशीच राहू दिली. मात्र प्रसारणापूर्वी सर्व भाग आबांना ऐकविला. कर्जाविषयीची दोन वाक्ये त्यांनी काढावयास सांगितली, ती काढली.