देवीने दिलेली तलवार आणि तीनशे होन

सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवरायांवर एक प्रवेश बसवला होता. अंधार, मागे घंटेचा आवाज, देवी प्रकट होते आणि गुडघ्यावर बसलेल्या राजांच्या हातात तलवार देते. तलवार पुठ्ठ्याची होती, वर बेगड चिकटवलेलं. देवीचं काम मला हवं होतं. संवाद माझे पाठ होते, आवाज मोठा होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू मावळा हो. देवीचं काम दुसरीला देऊ." कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या वयात आमच्या वस्तीतल्या पोरींना कारण विचारावं लागत नाही, ते समजलेलं असतं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर हा प्रसंग पुन्हा आठवला. माकणीच्या विहारात आमचा रविवारचा अभ्यासवर्ग चालतो. बारावीतला एक पोरगा मोबाईल घेऊन आला. त्याने स्टेटस तयार करून ठेवलं होतं. भवानी तलवार देवीने दिली नाही, ती परदेशी पातं होती, असा मजकूर आणि शेवटी देवीची टिंगल करणारं एक वाक्य. "ताई, टाकू का? खरं आहे ना?" आमच्या भागातून तेव्हा पायी जाणाऱ्यांचे जथे तुळजापूरच्या रस्त्याला लागलेले असतात. स्टेटस पडलं असतं तर संध्याकाळपर्यंत वस्तीवर माणसं आली असती. मी म्हटलं, थांब. अर्धं खरं आहे. पण तुझा मुद्दा चुकतोय. त्या दिवशी वर्गात जे बोललो ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी तलवारीचं बोलू. तुळजापूरला शारदीय नवरात्रात देवीच्या ज्या अलंकार पूजा मांडतात, त्यात एका दिवशी भवानी तलवार अलंकार महापूजा असते. देवी शिवरायांना तलवार देते आहे असा तो देखावा. कॅलेंडरवरचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. देवीच्या वराची गोष्ट जुनी आहे. शिवरायांच्या हयातीत कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या 'शिवभारता'त अफजलखान प्रसंगाच्या आधी भवानी राजांना दर्शन देते. पण काही बखरींत दुसरीच हकीकत येते. राजे कोकणात उतरले असताना तिथल्या सावंतांकडे एक उत्तम फिरंग होती. ती राजांनी घेतली, सावंताला तीनशे होन आणि मानाची वस्त्रं दिली आणि तलवारीचं नाव भवानी ठेवलं.

फिरंग म्हणजे काय हे पोरांना माहीत नव्हतं. फिरंग्यांकडून आलेलं, सरळ आणि लांब युरोपीय पातं. ते समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर यायचं, मुख्यतः पोर्तुगीजांच्या हातून. इथले कारागीर त्याला आपल्याकडची मूठ बसवायचे. पातं लवचीक आणि पोलाद चांगलं, म्हणून मराठा सरदारांमध्ये त्याला मोठी मागणी होती. साताऱ्याच्या राजघराण्यातली भवानी पाहून ग्रँट डफने ती जिनोआची असल्याचं लिहिलं. त्याच तलवारीवर शाहू महाराजांचं नाव कोरलेलं असल्यामुळे ती शिवरायांचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोल्हापूरच्या गादीकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली तलवार आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिला जगदंबा म्हणतात. तिच्या पात्यावर येशूच्या नावाची 'आयएचएस' ही रोमन अक्षरं आहेत. नाव देवीचं, पातं ख्रिस्ती देशातलं, मूठ इथल्या कारागिराची. १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना भवानी तलवार परत आणण्याची घोषणा झाली आणि महाराष्ट्र हलला. पण आणायची ती नेमकी कोणती, या प्रश्नाला तेव्हाही सरळ उत्तर नव्हतं.

पोरगा म्हणाला, "मग माझं स्टेटस बरोबरच आहे की." इथेच आपले लोक घाई करतात. पातं परदेशी होतं हे सिद्ध केल्याने गोष्ट मरत नाही, कारण ती पोलादाबद्दल नाहीच. "हाच राजा का?" या प्रश्नाचं ते उत्तर आहे. ज्याच्याकडे बापजाद्यांचं सिंहासन आहे त्याला देवीच्या तलवारीची गरज पडत नाही. जो स्वतःच्या बळावर उभा राहिला, त्यालाच लोक विचारतात, तुला हा अधिकार दिला कोणी?

जगभर असंच दिसतं. इंग्रजांच्या राजा आर्थरची गोष्ट घ्या. दगडावर ऐरण, ऐरणीत रुतलेली तलवार, जो उपसेल तो राजा. लोकांना एवढंच माहीत असतं. पण तो दगड उभा आहे चर्चच्या आवारात, आणि परीक्षा चालते आर्चबिशपच्या देखरेखीखाली. आर्थर परक्या घरी वाढलेला पोरगा, त्याचं कुळ कोणाला ठाऊक नाही. तो तलवार उपसतो, सगळ्यांसमोर पुन्हा उपसतो, तरी सरदार मानत नाहीत. नाताळची परीक्षा पुढच्या सणावर, मग ईस्टरवर, मग पेंटेकॉस्टवर ढकलतात. १४८५ साली छापलेल्या मॅलरीच्या पुस्तकात शेवटी सामान्य लोक ओरडून सांगतात की आम्हाला हाच राजा हवा, आणि मगच सरदार गुडघे टेकतात. म्हणजे चमत्कार घडला तरी वरच्यांनी तो मान्य केला नाही. निकाल लागला तो लोकांच्या आवाजाने.

आता रायगडावर या. देवीची तलवार हातात घेतलेला राजा, अफजलखानाचा वध १६५९ सालचा. पुढची पंधरा वर्षं किल्ले, आरमार, सुरत, आग्र्याहून सुटका. एवढं झाल्यावर राज्याभिषेक करायचा तर प्रश्न आला कुळाचा. क्षत्रिय असल्याचा पुरावा काय? बाबासाहेबांनी 'हू वेअर द शूद्राज?' या १९४६ च्या ग्रंथात हा प्रसंग तपशिलाने मांडला आहे. इथल्या ब्राह्मणांचा विरोध होता, काशीहून गागाभट्टांना आणावं लागलं, मेवाडच्या सिसोदियांशी वंशावळ जोडावी लागली. चव्वेचाळिसाव्या वर्षी राजांची मुंज झाली आणि मग ६ जून १६७४ ला अभिषेक.

मी वर्गाला एवढंच विचारलं, तेव्हा भवानी तलवार कुठे होती? देवीने स्वतः निवडलेला राजा, तर भटाने विचारायचं कारण काय? दर्शन, वर, तलवार हे सगळं असताना मुंजीशिवाय काम अडलं. म्हणजे देवीची साक्षसुद्धा जातीच्या दाखल्यापेक्षा खालची ठरली. वर्ग गप्प झाला. मला पुठ्ठ्याची तलवार आठवली. बाईंनी मला देवी होऊ दिलं नाही, कारण तलवार कोणाच्या हातात जाते एवढंच महत्त्वाचं नसतं, ती कोणाच्या हातून दिली जाते हेही ठरलेलं असतं. राजा कोणी का होईना, देणारा हात आपला हवा, हीच या गोष्टीतली खरी सत्ता. म्हणून जोतिरावांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी राजांना कुळवाडी, शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं. राजाला प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या हातून काढून त्यांनी तो रयतेच्या हाती दिला.

म्हणूनच मला तीनशे होनांची हकीकत दर्शनापेक्षा मोठी वाटते. हाताखाली फौज असलेला माणूस दुसऱ्याची वस्तू हिसकावू शकला असता. त्याने मोल दिलं. भाजीच्या देठालाही हात लावू नका अशा अर्थाची ताकीद सैन्याला देणाऱ्या राजाला हे शोभतं. रयत त्याच्यामागे उभी राहिली ती अशा वागण्यामुळे. देवीची देणगी म्हटलं की हे वागणं आणि मावळ्यांचे कष्ट दोन्ही चित्राबाहेर जातात.

पाण्यातून आलेल्या तलवारींचा आणखी एक भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही. व्हिएतनामचा ले लोई हा चिनी मिंग सत्तेविरुद्ध १४१८ मध्ये उठला. कथेत त्याच्या तलवारीचं पातं एका कोळ्याच्या जाळ्यात सापडतं. दहा वर्षांनी देश मोकळा झाला, तो राजा झाला. पुढे तळ्यात नावेतून फिरताना सोनेरी कासव वर आलं आणि म्हणालं, काम झालं, तलवार परत दे. त्याने दिली. हनोईतल्या त्या तळ्याचं नावच परत केलेल्या तलवारीचं तळं. आर्थरही मरताना आपली दुसरी तलवार, तळ्यातल्या देवतेने दिलेली, पाण्यात टाकायला लावतो. म्हणजे मूळ गोष्टीत सत्ता उसनवार आहे, मुदतीची आहे. आपल्याकडचे पुढारी मात्र तलवार फक्त सभेत उंचावायला घेतात.

एक पोरगी म्हणाली, "ताई, आपल्या धरणातून तर गाळच निघतो." सगळे हसले. निम्न तेरणेच्या काठी राहणाऱ्यांना पाण्याची भांडणं समजावून सांगावी लागत नाहीत. मग मी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढलं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ सुचवतो की आपले दोन, त्यांचे दोन, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी निवाडा करावा. सूचना मोठ्या बहुमताने पडते. सिद्धार्थ शस्त्र उचलायला नकार देतो आणि परिव्रज्या पत्करतो. तिथे कोणताही देव येऊन हाच योग्य असं सांगत नाही. एक माणूस उभा राहतो, कारण देतो, हरतो, आणि तरी आपलं म्हणणं सोडत नाही.

पोराने स्टेटस टाकलं नाही. त्याऐवजी तीनशे होनांची हकीकत लिहिली आणि खाली एकच प्रश्न ठेवला: देवीने तलवार दिली असेल तर राजांना मुंज का करावी लागली? गावातल्या दोन मराठा पोरांनी त्याला फोन केला. भांडायला नाही. त्यांना हे कुठे वाचायला मिळेल ते हवं होतं.

जयभीम.