तडा तिरका आहे, काका

शाहूपुरीतल्या घरमालकांना शेवटी पत्रच लिहिलं. फोनवर गाडी 'पुट्टी भरून टाका की'च्या पुढं जाईना.

काका, बीमच्या मधोमध केसाएवढी उभी चीर असती तर मीही थांबलो असतो. ही कॉलमपाशी खालून निघून तिरकी वर चढलीय. म्हणजे बीम कातरला जातोय, तिथं रिंगा कमी पडल्यात. वाकणारा बीम आधी झुकून सांगतो, कातरणारा फारसं सांगत नाही. चिरेवर आडवी चिकटवलेली काचपट्टी पंधरा दिवसांत तडकली, म्हणजे चीर अजून हलतेय. पुट्टीनं ती झाकेल, भार पेलणार नाही. रंगारी खूश होईल, एवढंच. आज टेकू लावतो. मग कव्हर फोडून, नव्या रिंगा बांधून मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट करू. वरची पाण्याची टाकी मात्र आजच रिकामी करा.