चोरी कुणाची, आणि कुणाकडून?

सिंहगडाच्या लढाईवरच्या एका पोस्टवरून आपल्या भागात आठवडाभर जुंपली आहे. "आमच्या मंडळाच्या स्मरणिकेतला मजकूर या पोरानं ढापला, साधं नावही दिलं नाही," अशी तक्रार. तक्रार खरीच आहे, परिच्छेदच्या परिच्छेद उचललेत. पण मुळात तो मजकूर स्मरणिकेचा तरी होता का?

मी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. अशा वेळी गाजलेली वाक्यं शोधून काही हाती लागत नाही, ती सगळ्यांकडेच असतात. आकडे आणि खटकणाऱ्या जागा शोधायच्या. इथे तानाजीबरोबर हजार मावळे आहेत, दोराच्या शिडीनं जेमतेम तीनशे वर पोचतात, आणि तेवढ्यात 'काहीतरी' घडून पहाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. काय घडलं? ते सांगितलेलंच नाही. आपला शाहीर अशी जागा मोकळी सोडेल का?

हीच मोकळी जागा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आहे, १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या खंडात, सिंहगडाच्या नोंदीत. म्हणजे स्मरणिकेनं त्याचं भाषांतर केलं आणि नाव गाळलं. पण इथेही थांबायचं नाही. गॅझेटियरचा हा मजकूर ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातला, तो छापला गेला १८२६ साली. हजार, तीनशे आणि ते 'काहीतरी', सगळं तिथे आहे. मराठ्यांच्या इतिहासासाठी गॅझेटियर डफचं नाव तळटीपांत देतं. उतरवणारा मात्र वरचा मजकूर घेतो आणि तळटीप खालीच सोडतो. नाव हरवतं ते तिथे.

आता मालकीचं बघा. डफ १८५८ मध्ये वारले, त्यामुळे मूळ मजकुराच्या कॉपीराइटचा प्रश्न उरत नाही. तो मूळ मजकूर कुणीही वापरावा, पण "आमचा" कुणीच म्हणू नये. पोरानं "साभार: स्मरणिका" एवढंच लिहिलं असतं, तरी श्रेय चुकीच्या दारात गेलं असतं.

याहून मोठा घोळ पुराव्याचा आहे. "चार ठिकाणी हजारच लिहिलंय, म्हणजे खरंच" असं कमेंटमध्ये कुणीतरी म्हणालं. अहो, पोस्ट, स्मरणिका, गॅझेटियर आणि डफ हे चार साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच, बाकीचे त्याचे प्रतिध्वनी. आणि तोही १६७० च्या लढाईनंतर १५६ वर्षांनी लिहिणारा. आकडा पारखायचा तर त्याच्याही मागे, जुन्या कागदांकडे आणि बखरींकडे जायला हवं.

तेव्हा दोघांनीही एक ओळ जोडा: "मूळ ग्रँट डफ, १८२६, पुणे गॅझेटियर, १८८५ वरून." पोरानं पुढे "भाषांतर स्मरणिकेचं" हेही लिहावं, कारण मंडळाचं खरं श्रेय तेवढंच आहे. जिथून घेतलं ते सांगायचं आणि ज्याचं आहे त्याचंही नाव घ्यायचं. भांडण मिटवायला एवढं पुरे.